दर लाखामागे गुन्हे : कात्रजचा हिशेब

महापालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की कात्रजवर बोलणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढते. “कात्रज गुन्हेगारीचा अड्डा झाला आहे” असे एक जण म्हणतो, दुसरा पोलीस ठाण्याचा एखादा आकडा पुढे करतो, आणि तिसरा त्या आकड्याचा दोष डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मराठवाड्यातल्या, बिहारमधल्या मजुरांच्या माथी मारून मोकळा होतो. खेदाची गोष्ट अशी की, आपले कार्यकर्तेही त्याला उत्तर म्हणून तसाच एक आकडा शोधू लागतात. चुकीच्या हिशेबाला दुसऱ्या चुकीच्या हिशेबाने उत्तर देता येत नाही. म्हणून हा आकडा तयार कसा होतो, हे आधी नीट समजावून घेतले पाहिजे.

नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येला लोकसंख्येने भागायचे आणि एक लाखाने गुणायचे, की गुन्ह्यांचा दर मिळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. लोकसंख्या सुमारे १३८ कोटी धरली, तर दर लाखामागे २.१ असा दर येतो. लहान गाव आणि मोठे शहर एका मापाने मोजता यावे, हा या रीतीचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. परंतु भागाकारात वरचा आकडा एका प्रदेशाचा आणि खालचा दुसऱ्या प्रदेशाचा किंवा दुसऱ्या काळाचा असेल, तर उत्तर कितीही बिनचूक दिसले तरी ते खोटेच असते.

कात्रजच्या बाबतीत नेमके हेच घडते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे वस्त्यांच्या लोकसंख्येचा आधार म्हणून २०११ चे आकडे वापरले जात राहिले. राष्ट्रीय अहवालातील महानगरांच्या तक्त्यांतही २०२२ सालचे गुन्हे २०११ च्या लोकसंख्येनेच भागलेले आहेत. मध्यंतरी कात्रज, आंबेगाव, जांभूळवाडी या पट्ट्यात किती इमारती उभ्या राहिल्या आणि किती चाळी वाढल्या, हे तेथे राहणाऱ्या कोणालाही विचारावे.

हिशेबासाठी काही आकडे गृहीत धरू. समजा, एका उपनगरी ठाण्याच्या हद्दीत वर्षाला ९०० गुन्हे नोंदले गेले. कागदावरची लोकसंख्या दीड लाख, प्रत्यक्षातली तीन लाख. कागदाप्रमाणे दर ६०० येतो, प्रत्यक्षात तो ३०० आहे. शेजारी जुन्या पेठांचे एक ठाणे आहे. तेथे वस्ती फारशी वाढलेली नाही, लोकसंख्या एक लाख आणि गुन्हे ४००, म्हणजे दर ४००. कागद सांगतो की उपनगर पेठेच्या दीडपट गुन्हेगार आहे, वस्तुस्थिती सांगते की ते पेठेपेक्षा शांत आहे. जेथे कष्टकरी नव्याने येऊन राहतात तेथेच जनगणना मागे पडते, आणि म्हणून ही चूक नेहमी त्यांच्याच विरुद्ध जाते.

दुसरी चूक हद्दीची. २०१७ साली आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही गावे महापालिकेत आली. २०२१ साली भिलारेवाडी, मांगडेवाडी, जांभूळवाडी वगैरे आणखी गावे आली. २०२४ साली शहरात सात नवी पोलीस ठाणी झाली, त्यांत भारती विद्यापीठ ठाण्याच्या हद्दीतून आंबेगावचे ठाणे वेगळे निघाले. त्याआधी २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालयच स्वतंत्र झाले होते. आता आपल्या कल्पित उपनगरातून एक लाख लोक आणि ३५० गुन्हे नव्या ठाण्याकडे गेले असे समजा. जुन्या ठाण्यात ५५० गुन्हे उरले. “गुन्हे ३९ टक्क्यांनी घटले” असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकेल आणि त्याचा कागदही दाखवू शकेल. पण उरलेल्या दोन लाख लोकांमागे दर २७५ आहे, म्हणजे घट जेमतेम आठ टक्क्यांची, आणि तीही केवळ रेघ कोठे ओढली त्यावरची. दोन्ही ठाण्यांची बेरीज आजही ९०० च आहे. तेव्हा वर्षावर्षाची तुलना करण्यापूर्वी हद्द बदलली काय हे पाहावे, आणि बदलली असल्यास जुन्या-नव्या ठाण्यांची बेरीज करूनच बोलावे.

कात्रज चौकातून रोज सातारा रस्त्याची आणि बाह्यवळणाची किती माणसे जातात! त्यांपैकी कोणाचे पाकीट बसमध्ये मारले गेले, तर गुन्हा येथे नोंदला जातो, पण तो माणूस येथल्या लोकसंख्येत नसतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानगर्दीलाही हेच लागू आहे. म्हणून चोरी-पाकीटमारीच्या दरावरून रहिवाशांच्या स्वभावाचा निवाडा करणे अन्यायाचे आहे. उलट खुनाची नोंद सहसा चुकत नाही, पण तेथे संख्याच लहान असते. पन्नास हजारांच्या वस्तीत एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दोन खून झाले, तर दर २ वरून ४ होतो आणि “खून दुप्पट” असा मथळा छापता येतो. अशा वेळी पाच वर्षांची बेरीज घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा भागाकारातल्या वरच्या आकड्याचा आहे. तो घडलेल्या गुन्ह्यांचा नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा असतो. २०१९ साली देशातील एकूण दखलपात्र गुन्ह्यांचा दर ३८५.५ होता, तो २०२० साली ४८७.८ झाला. देश एका वर्षात एवढा गुन्हेगार झाला काय? त्या वर्षी टाळेबंदी होती. सरकारी आदेशाच्या अवज्ञेचे, म्हणजे तत्कालीन दंड संहितेच्या कलम १८८ चे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. घराबाहेर पडलेला माणूसही आकडेवारीत गुन्हेगार ठरला. म्हणून एकूण दराची तुलना कधीही करू नये. गुन्ह्याचा प्रकार वेगळा काढूनच करावी.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नवऱ्याची मारहाण सोसणारी एखादी बाई ठाण्यात जाते आणि “घरचे भांडण आहे, मिटवून घ्या” असे ऐकून परत येते. त्या दिवशी तिच्या वस्तीचा दर वाढत नाही. जेथे तक्रार घेतली जाते तेथला दर चढतो, जेथे हाकलून दिले जाते तेथला उतरतो. आपण सभांतून केवळ “आकडा वाढला” म्हणून ओरड केली, तर अधिकाऱ्यापुढे सोपा मार्ग कोणता उरतो? तक्रार न घेण्याचा. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे. आपली मागणी त्या आधारावर उभी राहिली पाहिजे. महिलांवरील अत्याचारांचा आकडा वाढला, तर तो अत्याचारांमुळे वाढला की महिला आता निर्भयपणे ठाण्याची पायरी चढू लागल्या म्हणून, हे वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीला कागद वाचणाऱ्यापेक्षा अधिक कळते.

तेव्हा पुढच्या सभेसाठी पत्रक लिहिताना माहितीच्या अधिकारात गुन्ह्याच्या प्रकारानुसार पाच वर्षांचे आकडे मागवावेत, हद्द केव्हा बदलली ते विचारावे, आणि लोकसंख्या कोणत्या सालची धरली हे पत्रकात स्पष्ट छापावे. लोकसंख्येचा भरवसा नसेल तर दर काढूच नये, नुसती संख्या द्यावी आणि तिची मर्यादाही सांगावी. असे पत्रक सभेत टाळ्या कमी मिळवील. परंतु डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला त्या सभेतून मान खाली घालून घरी जावे लागणार नाही.