रायपूरच्या पोलादाचा कार्बन जमिनीत मुरणार का? उत्तर खडकाच्या छिद्रांत आणि झाकणात

भनपुरी (रायपूर) : रायपूरच्या उत्तरेला भनपुरी, उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल दाटीने उभ्या आहेत. येथील भट्ट्यांत कोळसा केवळ इंधन नसतो. लोहखनिजातील प्राणवायू काढून घेण्याचे कामही तोच करतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड टाळता येत नाही. देशात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू धुराड्यातच पकडून खोल खडकांत साठवावा, हा पर्याय आता धोरणात्मक चर्चेत आला आहे. नीती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालाने देशातील भूगर्भीय साठवण क्षमतेचा अंदाज ४०० ते ६०० अब्ज टन असा दिला. आकडा दिलासा देणारा असला, तरी भनपुरीच्या कारखानदारासमोरचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या पायाखालचा खडक हा वायू घेईल का, आणि घेतलेला धरून ठेवील का?

साठवण म्हणजे भुयारात वायू भरणे नव्हे. वालुकाश्मासारख्या खडकात कणांच्या मधे सूक्ष्म छिद्रे असतात आणि खोलवर ती खाऱ्या पाण्याने भरलेली असतात. दाबाखाली सोडलेला वायू हे पाणी बाजूला सारून छिद्रांत शिरतो. ३१ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाब असला, की तो द्रवासारखा दाट होतो आणि त्याचे आकारमान शेकडो पटींनी घटते. म्हणून किमान ८०० मीटर खोली लागते, असा ढोबळ नियम सांगितला जातो. मात्र, आपल्याकडे पृष्ठभागच उष्ण आहे. त्याच खोलीवर खडक अधिक तापलेला असतो, वायू कमी दाट राहतो आणि त्यामुळे आणखी खाली जावे लागते.

एक हिशेब पाहू. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात ५० मीटर जाडीचा वालुकाश्म आहे आणि त्यात २० टक्के छिद्रे आहेत, असे मानू. छिद्रांची एकूण जागा एक कोटी घनमीटर होते. घनमीटरमागे ५०० किलो वायू धरला, तर कागदावर ५० लाख टन मावतात. प्रत्यक्षात वायू पाण्यापेक्षा हलका असल्याने वर चढून झाकणाखाली पातळ थरात पसरतो आणि बरीचशी छिद्रे वगळून पुढे जातो. म्हणून खाऱ्या जलधर खडकांसाठी जागेच्या दोन टक्क्यांच्या आसपासच वापर धरण्याची पद्धत आहे. उरतात एक लाख टन, म्हणजे सुमारे ४० हजार टन पोलादाचा कार्बन. राष्ट्रीय आकड्यांकडे पाहताना ही गाळणी ध्यानात ठेवावी लागते.

आता रायपूरचा खडक पाहू. हे शहर छत्तीसगड खोऱ्याच्या गाळाच्या खडकांवर वसले आहे. खाली चंद्रपूर समूहाचे वालुकाश्म आणि त्यावर रायपूर समूहाचे चुनखडक व शेल, असा येथील क्रम आहे. तळाशी वालुकाश्म आणि वर चिकणमातीपासून बनलेला शेल, ही मांडणी पाठ्यपुस्तकातील आदर्श साठवणीसारखी दिसते. अडचण वयाची आहे. हे खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने आहेत. इतक्या काळात वालुकाश्माच्या कणांमधील जागा सिलिकाने सांधल्या जातात. खडक टणक होतो आणि त्याची पारगम्यता, म्हणजे छिद्राछिद्रांतून द्रव वाहू देण्याची क्षमता, आटते. वरचा चुनखडक पाण्याने विरघळून भेगाळतो. त्याच भेगांतून या भागातील विहिरी आणि कूपनलिकांना पाणी मिळते. त्यामुळे गळती झालीच, तर पहिला फटका पिण्याच्या पाण्याला बसेल.

घट्ट खडक निव्वळ कमी वायू घेतो एवढ्यावर हा प्रश्न थांबत नाही. वायू पसरला नाही की विहिरीभोवती दाब चढतो आणि त्या दाबाची परीक्षा झाकणाला द्यावी लागते. अल्जीरियातील इन सालाह प्रकल्पात हेच घडले. तेथे २००४ पासून सुमारे १९०० मीटर खोलीवर, अवघ्या २० मीटर जाडीच्या आणि कमी पारगम्यतेच्या वालुकाश्मात वायू सोडला जात होता. वर शेकडो मीटर जाडीचे चिखलखडक होते. काही वर्षांत उपग्रहाच्या रडार मोजणीत विहिरींवरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे दिसले. एका विहिरीवर हा उंचवटा दोन समांतर पट्ट्यांचा होता, म्हणजे खाली उभी भेग उघडत होती. ती झाकणाच्या खालच्या भागात शिरल्याची शंका आल्यावर २०११ मध्ये वायू सोडणे थांबवण्यात आले. तोवर सुमारे ३८ लाख टन वायू साठवला गेला होता. झाकण पूर्ण फुटले नाही, पण एका जुन्या विहिरीतून थोडा वायू वर आल्याचेही आढळले होते.

याउलट नॉर्वेच्या स्लाइपनेर क्षेत्रात १९९६ पासून वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू समुद्रतळाखाली सोडला गेला. तेथील उत्सिरा वालुकाश्म दोनशे मीटरहून अधिक जाड, सैल आणि विस्तीर्ण असल्याने दाब फारसा वाढला नाही. झाकण दोन्हीकडे शेल-चिखलखडकाचेच होते. फरक खालच्या खडकाने घडवला.

झाकणाच्या कसोट्याही यातूनच ठरतात. त्याची छिद्रे इतकी बारीक हवीत, की त्यातील पाणी बाजूला सारण्याइतका दाब वर चढणाऱ्या वायूला मिळू नये. थर सलग हवा, प्रस्तरभंगांनी तुटलेला नको. जुन्या बोअर आणि शोधविहिरी सिमेंटने नीट बंद केलेल्या हव्यात. शिवाय सोडण्याचा दाब खडक फुटण्याच्या दाबाखाली राहिला पाहिजे. अमेरिकेच्या नियमांत तो ९० टक्क्यांपुरताच ठेवावा लागतो.

हे सर्व खोल छिद्र पाडून, खडकाचे नमुने काढून आणि पाणी सोडून दाब कसा ओसरतो हे मोजूनच कळते. तेल-वायू क्षेत्रांत अशी माहिती आधीच असते. छत्तीसगड खोऱ्यात तेल-वायूचा शोध लागलेला नाही. देशाच्या वर्गीकरणात ते तिसऱ्या श्रेणीत आहे.

जवळचे पर्याय दोन आहेत. एक, कोळशाच्या गोंडवाना खोऱ्यांतील तुलनेने तरुण वालुकाश्म. झारखंडमधील पकरी बरवाडीह येथे एनटीपीसीने २०२५ मध्ये सुमारे १२०० मीटर खोलीची साठवण-विहीर खोदण्यास सुरुवात केली, ती याच शोधासाठी. दुसरा, नागपूरपासून पश्चिमेकडे पसरलेला दख्खनचा बेसाल्ट. आइसलँडमध्ये बेसाल्टात पाण्यासह सोडलेल्या वायूपैकी बहुतांश दोन वर्षांत खनिजरूप झाला. मात्र, त्या पद्धतीत एक टन वायूमागे वीस टनांहून अधिक पाणी लागते. विदर्भ-मराठवाड्यात ती अट सोपी नाही.

म्हणजे भनपुरीचा वायू बहुधा शेकडो किलोमीटर वाहून न्यावा लागेल. कोणता खडक तो स्वीकारील हे विहिरींतून सिद्ध होईपर्यंत वाहिनी कोठे न्यायची, हेही ठरणार नाही. धुराड्यावर वायू पकडणारी यंत्रणा बसवण्याचा खर्च तत्पूर्वी करायचा की नाही, हा निर्णय येथील कारखान्यांना त्या अनिश्चिततेतच घ्यावा लागणार आहे.