‘ही इज सेड टू’ : कोण म्हणतं आणि केव्हा?

‘अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा.’ इंग्रजी व्याकरणाच्या पेपरातली ही सर्वांत निरागस दिसणारी सूचना आहे आणि माझं भांडण तिच्याशीच आहे. बारावीला ‘डू ॲज डायरेक्टेड’ सोडवलेल्या प्रत्येकाला ती ओळखीची असेल. वर एक वाक्य दिलेलं असतं: ‘पीपल से दॅट ही इज रिच.’ खाली तुम्ही लिहायचं: ‘इट इज सेड दॅट ही इज रिच’ किंवा ‘ही इज सेड टू बी रिच.’ व्हॉइस बदलला, मार्क मिळाला, पुढचा प्रश्न.

मी मुलांना इंग्रजी शिकवतो आणि हा प्रश्न अशा रूपात विचारणं बंद करावं असं माझं मत आहे. ही रचना निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. बातमी, इतिहास, कोर्टाचं वार्तांकन यांतलं इंग्रजी तिच्याशिवाय उभंच राहत नाही. तक्रार अशी की हा प्रश्न तिच्याबद्दल एक चुकीची गोष्ट शिकवतो आणि जी खरी अवघड गोष्ट आहे ती शिकवायचं टाळतो.

आधी चुकीची गोष्ट. गाइडात हा धडा ‘चेंज द व्हॉइस’ या मथळ्याखाली येतो. म्हणजे कर्तरी वाक्य घ्या, कर्म उचलून पुढे आणा, झालं कर्मणी. ‘राम ईट्स अ मँगो’चं ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ होतं, तसंच. मग ‘ही इज सेड टू बी रिच’ हे वाक्य उलटं फिरवून पाहा. त्याचं कर्तरी रूप ‘दे से हिम टू बी रिच’ असं व्हायला हवं. आजच्या इंग्रजीत असं कुणी बोलत नाही. ‘बिलीव्ह’ला हे जमतं: ‘दे बिलीव्ह हिम टू बी रिच’ थोडं पुस्तकी वाटतं, पण चालतं. ‘से’ला जमत नाही. ‘ही इज रूमर्ड टू बी रिच’ची तर आणखी गंमत आहे; ‘रूमर’ हे क्रियापद आज कर्तरी रूपात वापरातच उरलेलं नाही. थोडक्यात, ज्या वाक्याचा व्हॉइस बदलून हे आलं असं आपण सांगतो, ते वाक्यच अस्तित्वात नाही. ‘ही इज सेड टू’ ही स्वतंत्र रचना आहे आणि ती स्वतःच्या पायांवर उभी आहे. ती कुठूनतरी ‘बदलून’ आली असं सांगितलं की मुलं नियम शोधू लागतात आणि नियम नसला की पाठांतराकडे वळतात.

मराठी मुलांना तर ही रचना आणखी परकी वाटते, आणि त्याला कारण आहे. आपण म्हणतो, ‘तो श्रीमंत आहे असं म्हणतात.’ यात ‘तो श्रीमंत आहे’ हे सबंध वाक्य अखंड राहतं, त्यातला ‘तो’ जागचा हलत नाही. कर्मणी करायचं तरी ‘असं म्हटलं जातं’ होतं, नपुंसकलिंगी. ‘तो श्रीमंत म्हटला जातो’ असं आपण म्हणत नाही. पण ‘मानणे’ घेतलं की चित्र पालटतं: ‘तो हुशार मानला जातो’, ‘ती हुशार मानली जाते’. इथे क्रियापद सरळ ‘तो’ आणि ‘ती’ यांच्या लिंगाप्रमाणे चालतं, हुबेहूब ‘ही इज कन्सिडर्ड क्लेव्हर’सारखं. म्हणजे ही युक्ती आपल्या भाषेतही आहे, फक्त वेगळ्या क्रियापदापाशी. वर्गात एवढं पाच मिनिटांत दाखवता येतं. पण ‘अर्थ न बदलता लिहा’ म्हटलं की मराठीकडे बघायची गरजच कुणाला वाटत नाही.

आता खरी अवघड गोष्ट: काळ. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा.

‘पीपल बिलीव्ह दॅट ही वॉज अ स्पाय.’
‘पीपल बिलीव्हड दॅट ही वॉज अ स्पाय.’

दोन्हीकडे ‘ही वॉज अ स्पाय’ अक्षरशः सारखं आहे. पण पहिल्याचं उत्तर ‘ही इज बिलीव्हड टू हॅव बिन अ स्पाय’ आणि दुसऱ्याचं ‘ही वॉज बिलीव्हड टू बी अ स्पाय’. एकात ‘हॅव बिन’, दुसऱ्यात नुसतं ‘बी’. ‘वॉज दिसला की हॅव बिन’ असं सूत्र पाठ केलेलं मूल दुसऱ्या वाक्यात हमखास फसतं. आणि ‘वॉज दिसला की वॉजच लिहा’ असं ठरवलेलं मूल पहिल्यात फसून ‘ही वॉज बिलीव्हड टू बी’ लिहून येतं. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या पेपरांत हीच दोन उत्तरं मला आलटूनपालटून दिसतात.

कारण साधं आहे. ‘टू’नंतरचं क्रियापद घड्याळातला काळ सांगत नाही, ते समजुतीच्या मानाने आधी की सोबत, एवढंच सांगतं. पहिल्या वाक्यात लोक आज मानतात, हेरगिरी जुनी. हेरगिरी समजुतीच्या आधीची, म्हणून ‘हॅव बिन’. दुसऱ्यात लोक तेव्हा मानत होते आणि त्यांच्या मते तो तेव्हाच हेर होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळच्या, म्हणून ‘बी’. तेव्हा मानत होते की त्याही आधी कधीतरी तो हेर होता, तर ‘ही वॉज बिलीव्हड टू हॅव बिन अ स्पाय’. म्हणून विचारायचे प्रश्न दोनच: लोक केव्हा मानतात? आणि जे मानतात ते त्याच्या आधी घडलं की तेव्हाच? पहिल्याचं उत्तर ‘इज’ की ‘वॉज’ ठरवतं, दुसऱ्याचं उत्तर ‘बी’ की ‘हॅव बिन’ ठरवतं.

आणि इथेच ‘अर्थ न बदलता’ हा दावा फुटतो. ‘पीपल से दॅट ही वॉज रिच’ आणि ‘पीपल से दॅट ही हॅज बिन रिच’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिला श्रीमंत होता, बहुधा आता नाही. दुसरा आजवर श्रीमंत राहिला आहे. दोन्हींचं रूपांतर मात्र एकच होतं: ‘ही इज सेड टू हॅव बिन रिच.’ दोन अर्थ एका साच्यात गेले आणि फरक गळून पडला. भविष्यकाळात तर रस्ताच बंद होतो. ‘पीपल से दॅट ही विल विन’चं ‘ही इज सेड टू विन’ होत नाही. तिथे ‘इट इज सेड दॅट ही विल विन’ असंच म्हणावं लागतं. ‘एक्स्पेक्ट’ असतं तर ‘ही इज एक्स्पेक्टेड टू विन’ चाललं असतं. आणि ‘होप’ असतं तर पुन्हा ‘इट इज होप्ड दॅट’वरच थांबावं लागतं.

पण माझी सर्वांत मोठी तक्रार व्याकरणाची नाहीच. या प्रश्नात क्रियापद आयतं दिलेलं असतं: ‘से’, ‘बिलीव्ह’, ‘नो’. मुलाने ते निवडायचं नसतं, नुसतं ढकलायचं असतं. प्रत्यक्षात या रचनेचा सगळा जीव त्या निवडीत आहे. शेक्सपिअरचंच उदाहरण घ्या.

स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या नोंदवहीत त्याचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ रोजी झाल्याची नोंद आहे. ही लेखी गोष्ट आहे, तेव्हा ‘ही इज नोन टू हॅव बिन बाप्टाइज्ड ऑन २६ एप्रिल’. जन्माची नोंद मात्र कुठेच नाही. त्या काळी बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत करत, म्हणून मागे मोजून २३ एप्रिल ही तारीख धरली जाते. तो वारलाही २३ एप्रिललाच, १६१६ साली, आणि तो दिवस इंग्लंडच्या संत जॉर्जचा. त्यामुळे ही तारीख सर्वांना आवडून गेली. तेव्हा ‘ही इज बिलीव्हड टू हॅव बिन बॉर्न ऑन २३ एप्रिल’. आणि तरुणपणी त्याने सर टॉमस लूसीच्या रानातली हरणं चोरली, ही गोष्ट निकोलस रो याने १७०९ साली छापली. तेव्हा शेक्सपिअरला जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली होती. म्हणून ‘ही इज सेड टू हॅव स्टोलन डिअर’. आपण म्हणू, त्याने म्हणे हरणं चोरली होती.

साचा तिन्हीकडे तोच. पण ‘नोन’च्या मागे कागद आहे, ‘बिलीव्हड’च्या मागे तर्क आहे आणि ‘सेड’च्या मागे फक्त कानगोष्ट. तीन क्रियापदांची अदलाबदल केली तर व्याकरण शाबूत राहील आणि माहिती खोटी होईल. आपल्या परीक्षेला मात्र यातलं काहीच दिसत नाही. व्हॉट्सॲपवर ‘असं मानलं जातं’ म्हणून काहीही पुढे ढकलणाऱ्या जगात ‘कोण मानतं?’ हा प्रश्न न विचारता ‘मानलं जातं’ लिहायला शिकवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला जॉर्ज ऑर्वेलच्या चाहत्यांचा. त्याने १९४६ साली इंग्रजी भाषा आणि राजकारणावर लिहिलेल्या निबंधात नियम घातला होता की कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी वापरू नका. मग ही पळवाट शिकवायचीच कशाला? मला हे पटत नाही. २३ एप्रिल कोण मानतं? कुणी एक माणूस नव्हे. तिथे ‘पीपल’ लिहिल्याने वाक्य अधिक प्रामाणिक होत नाही. जिथे सांगणारा एकच आहे आणि त्याचं नाव माहीत आहे, तिथे ते लपवायला ‘इट इज सेड’ वापरणं ही पळवाट. एवढा फरक मुलांना कळायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लाखो पेपर तपासायचे तर उत्तर एकच हवं. केंब्रिजच्या ‘बी टू फर्स्ट’ परीक्षेतही असे सहा प्रश्न असतात. दिलेला शब्द न बदलता दोन ते पाच शब्दांत रिकामी जागा भरायची आणि दर प्रश्नाला जास्तीत जास्त दोन मार्क. तिथे चालतं, मग इथे का नको? मान्य, एकच उत्तर हवं. पण त्यासाठी सुटं वाक्य उलटंसुलटं करायला लावायची गरज नाही. चार ओळींचा उतारा द्या: नोंदवहीत काय आहे, तर्क कशावरून केला, कुणी काय छापलं. खाली तीन वाक्यांत जागा मोकळ्या सोडा आणि ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘से’ ही तीन क्रियापदं द्या. कोणतं कुठे बसतं आणि ‘टू’पुढे ‘बी’ येतं की ‘हॅव’, दोन्ही ठरवायला लावा. उत्तर तरीही एकच येईल आणि तपासायला तेवढाच वेळ लागेल. फक्त ते लिहिण्याआधी मुलाला उतारा वाचावा लागेल.