३५ हजारांपैकी हातात किती?

फेब्रुवारीच्या अखेरीस गोंदियाहून आमच्या बहिणीचा फोन आला. भाचीला नागपूरच्या एका कंपनीत, हिशेब विभागात नोकरी लागली होती. वर्षाला ४ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ३५ हजार. आता ती गोंदियातल्याच एका राईस मिलमध्ये अडीच वर्षांपासून हिशेब सांभाळते आणि तिच्या हातात २२ हजार पडतात. घरात आनंद होणारच.

संध्याकाळी भाचीचा वेगळा फोन आला. आवाज जरा दबका होता. "मामू, ऑफर लेटर पाठवलंय. सही करण्याआधी एकदा बघाल का? आणि अम्मीला सांगू नका."

आम्ही नोकरीची बरीच वर्षे पगारपत्रके बनवण्यात घालवली. त्यामुळे अशा कागदावर आमची नजर आधी मोठ्या आकड्यावर जात नाही, त्याच्या खालच्या बारीक रकान्यांवर जाते. ते रकाने असे होते. महिन्याच्या ३५ हजारांत ३,५०० रुपये 'व्हेरिएबल' होते. हे पैसे दरमहा मिळत नाहीत. वर्षाअखेरीस काम पाहून कंपनी ते देते, पूर्ण देईलच असे नाही. १,८०० रुपये कंपनीने भरायचा पीएफ होता. ८४२ रुपये ग्रॅच्युइटीसाठी धरले होते. मूळ पगार १७,५०० होता आणि ग्रॅच्युइटी त्याच्या ४.८१ टक्के धरतात. ५०० रुपये आरोग्य विम्याचे. हे सगळे वजा केले की पगारपत्रकावर येणारी रक्कम उरते २८,३५८. त्यातून भाचीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की बँकेत जमा होणार २६,३५८ रुपये. एवढ्या पगारावर आयकर लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

यातला पीएफ वाया जात नाही, तो आपलाच पैसा आहे. पण खोलीचे भाडे पीएफमधून देता येत नाही. भाचीने नागपुरात मुलींच्या वसतिगृहाची चौकशी केली होती. जेवणासह ७,५०० रुपये. ते दिले की उरतात १८,८५८. आज घरी राहून तिच्या हातात २२ हजार येतात. म्हणजे ३५ हजारांची नोकरी घेऊन पोरगी महिन्याला तीन हजारांनी मागे जाणार होती.

हा हिशेब आम्ही बहिणीलाच सांगितला, कारण घरात लपवाछपवी करून अशा गोष्टी होत नाहीत. ती म्हणाली, "भाईजान, अल्लाहने रोजी दिली आणि आपण तिच्यावर घासाघीस करायची? ही नाशुक्री नाही का?" आम्ही म्हटले, "बाजारात तांदूळ घेताना तू भाव विचारतेस. त्याला नाशुक्री म्हणतेस का? सही होईपर्यंत हा दोघांमधला सौदा आहे. त्यांनी त्यांचा भाव सांगितला, आता आपण आपला सांगायचा. सही झाल्यावर मात्र कुरकुर करायची नाही." तिला ते पटले की नाही ठाऊक नाही, पण तिने चहा ठेवला.

मग आम्ही दोघे मामा-भाची कागद घेऊन बसलो. पहिले काम होते आपली खालची मर्यादा ठरवण्याचे. आजचे २२ हजार, वसतिगृहाचे साडेसात हजार आणि ये-जा करण्याचे हजार, असे ३०,५०० हातात आले तरच आजच्याइतके. ही मर्यादा आपल्यापुरती ठेवायची असते. कंपनीला आपल्या भाड्याशी देणेघेणे नसते, ती कामाचे पैसे देते. म्हणून कंपनीला सांगायचे कारण वेगळे हवे. जाहिरातीत एक वर्षाचा अनुभव मागितला होता, भाचीकडे अडीच वर्षांचा होता. मिलचे जीएसटी आणि टीडीएसचे विवरणपत्र ती कोणाच्या मदतीशिवाय भरते. एवढी दोन कारणे पुरेशी होती.

तिच्या एका मैत्रिणीने सल्ला दिला होता की दुसऱ्या कंपनीचीही ऑफर आहे असे सांगून टाक. आम्ही तो साफ नाकारला. खोटे बोलणे तर वाईटच, शिवाय ते पकडले जाते. कंपन्या मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या किंवा बँकेचा उतारा मागतात, दुसरी ऑफर आहे म्हटले तर तिचा कागद मागतात. आकडा फुगवून सांगितला आणि कागदावर वेगळा निघाला, तर मिळालेली ऑफरही जाते.

दुसरा प्रश्न रुजू होण्याच्या तारखेचा. कंपनीला ती १६ मार्चला हवी होती. मिलच्या नेमणूकपत्रात मात्र एक महिन्याची नोटीस लिहिलेली होती, नाहीतर एक महिन्याचा पगार भरायचा. मार्चअखेर म्हणजे हिशेबाची वर्षअखेर, त्यामुळे मालक लवकर सोडण्याची शक्यता नव्हती. नोटीस न देता निघून गेल्यास रिलीव्हिंग लेटर अडते आणि नवी कंपनी पहिल्याच दिवशी तेच मागते. म्हणून तारीख मागताना 'थोडा वेळ द्या' असे म्हणायचे नाही. नोटीस किती दिवसांची, ती कधी संपते आणि मी कोणत्या तारखेला येते, हे तिन्ही सांगायचे. तारीख नेमकी असली की समोरच्याला तिची नोंद करता येते, मोघम विनंतीवर त्याला शंका येते.

तिसरा मुद्दा घरून काम करण्याच्या दिवसांचा. मुलाखतीत 'आठवड्यातून दोन दिवस घरून चालते' असे बोलण्यात आले होते, पण कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. भाची याकडे सोय म्हणून पाहत होती. आम्ही तिला गोंदिया-नागपूर रस्ता आठवायला सांगितला. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, रोजचे अप-डाउन करणारे लोक आहेत, पण पाच दिवस ते करून माणूस थकून जातो. आता समजा हे दोन दिवस बुधवार आणि गुरुवार असले. मग सोमवारी जा, मंगळवारी रात्री ये, शुक्रवारी पुन्हा जा. खेपा वाढल्या, फायदा काही नाही. पण तेच दोन दिवस शुक्रवार आणि सोमवार असले, तर मंगळवारी सकाळी निघायचे आणि गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने घरी. नागपुरात फक्त दोन रात्री काढायच्या. मोमिनपुऱ्यात तिची खाला राहते. त्या दोन खोल्यांच्या घरात महिनाभर राहणे कुणालाच जमले नसते, पण आठवड्यातल्या दोन रात्री जमतात. वसतिगृहाचे साडेसात हजार वाचतात. म्हणजे 'कोणते दोन दिवस' या एका शब्दाची किंमत महिन्याला ७,५०० रुपये होती. तेवढी पगारवाढ मागितली असती तर कंपनीने दारातूनच परत पाठवले असते.

हे समजल्यावर मागण्यांचा क्रम बदलला. दिवस पहिले, तारीख दुसरी, पगार तिसरा. पण कंपनीला तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांगायच्या, असे ठरवले. आज पगार, तो मान्य झाला की उद्या तारीख, परवा घरून काम, अशी हप्त्याहप्त्याने मागणी केली की समोरचा वैतागतो आणि तिसऱ्या मागणीला नकारच मिळतो. शिवाय कोण काय देऊ शकतो हेही पाहावे लागते. पगाराचा आकडा एचआरच्या हातात असतो. घरून कामाचे दिवस मात्र विभागाचा प्रमुख ठरवतो, कारण काम त्याला करून घ्यायचे असते. म्हणून भाचीने आधी प्रमुखाशी फोनवर बोलून घेतले. लॅपटॉप कंपनीचा असेल का, हे विचारले. घरी इंटरनेट आहे आणि वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, हेही न विचारता सांगितले.

मग एचआरला छोटा ईमेल गेला. आशय असा: ऑफरबद्दल आभारी आहे, मला रुजू व्हायचे आहे. अडीच वर्षांचा अनुभव आणि विवरणपत्रे स्वतंत्रपणे भरण्याचे काम पाहता वार्षिक ४ लाख ८० हजारांचा विचार व्हावा, किंवा व्हेरिएबलचा भाग कमी करून तो दरमहाच्या पगारात घ्यावा. एक महिन्याची नोटीस असल्याने मी ६ एप्रिलला रुजू होऊ शकते. सोमवार व शुक्रवार घरून काम करण्याबाबत विभागप्रमुखांशी बोलणे झाले आहे, त्याचा उल्लेख पत्रात व्हावा. त्यात 'किंवा' मुद्दाम ठेवला होता. व्हेरिएबल पगारात घेतल्याने कंपनीचा एकूण आकडा वाढत नाही, त्यामुळे एचआरला वरच्यांना विचारावे लागत नाही.

चार दिवस उत्तर नव्हते. बहीण रोज विचारायची, "नाराज तर झाले नसतील?" पाचव्या दिवशी फोन आला. एकूण ४ लाख ४४ हजार, व्हेरिएबल वर्षाला ४२ हजारांऐवजी २१ हजार, तारीख ६ एप्रिल मान्य. घरून दोन दिवस, पण पहिले तीन महिने फक्त शुक्रवार. भाचीने सोमवारबद्दल एकदा पुन्हा विचारले. "हे अंतिम आहे," असे उत्तर आले. तिथे ती थांबली, आणि थांबायलाच हवे होते.

नवा हिशेब मांडला. दरमहाचे ३७ हजार, त्यातून व्हेरिएबल १,७५०, कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ८९०, विमा ५०० आणि तिच्या बाजूची कपात २,००० वजा करून हातात ३०,०६०. पहिले तीन महिने वसतिगृह धरून २२,५६० उरतील. प्रवासखर्च काढला तर आजच्यापेक्षा थोडे कमीच. जुलैपासून मात्र वसतिगृह सुटेल आणि आज घरी राहून मिळतात त्यापेक्षा सात-एक हजार जास्त हाती राहतील.

भाचीला त्याच रात्री मिलमध्ये राजीनामा द्यायचा होता. आम्ही अडवले. फोनवरचा शब्द हा अजून कागद नव्हता. आपल्या दीनमध्येही मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, तो दोघांपैकी कोणी बेइमान आहे म्हणून नाही, तर माणूस विसरतो म्हणून. सुधारित पत्र ४ मार्चला आले. त्यात चारही गोष्टी होत्या, पण 'सोमवार व शुक्रवार'च्या जागी 'दोन दिवस' एवढेच लिहिले होते. तिने एका ओळीचा ईमेल पाठवून दिवसांची नावे लिहून घेतली. पत्रात आणखी एक वाक्य होते: घरून कामाची सवलत कंपनी धोरणानुसार बदलू शकेल. ते काढा म्हणून कोणी काढत नाही. म्हणून बदल झाल्यास तीस दिवस आधी कळवावे, एवढेच तिने मागितले आणि ते मिळाले. तेवढ्या दिवसांत खोली शोधता येते.

सही केलेली प्रत परत पाठवून, ती पोचल्याचे उत्तर आल्यावरच मिलमध्ये राजीनामा गेला. ४ मार्चपासून तीस दिवस, म्हणजे ३ एप्रिलला ती मोकळी झाली.

सरकारी पदावर किंवा बँकेच्या ठरलेल्या वेतनश्रेणीत असा सौदा होत नाही. शंभर मुलांना एकदम घेणाऱ्या कंपनीतही आकडा हलत नाही. तिथे फार तर तारीख मागता येते. पण त्या ठिकाणीही बारीक रकाने वाचून हातात काय येणार ते काढायला कोणी मनाई करत नाही.

परवा बहिणीचा फोन होता. शेजारच्या मुलाला रायपूरहून ऑफर आली आहे. तिने त्याला पहिला प्रश्न विचारला, "बेटा, हातात किती?"