वहिनींना नाव असतं

मित्राचं लग्न झालं की महिन्या-दोन महिन्यांत आपण त्याच्या घरी जातो. दार तो उघडतो, मागे त्याची बायको उभी असते आणि आपल्यातले निम्मे लोक आत शिरता शिरता म्हणतात, ‘काय वहिनी, ओळखलं का?’ प्रेमानेच म्हणतात, पण या चार शब्दांनी पुढच्या दोन तासांची वाट लागते, असं माझं ठाम मत आहे. कशी, ते सांगतो.

आधी ‘ओळखलं का?’ घेऊ. तिने तुम्हाला पाहिलंय कुठे? रिसेप्शनला, स्टेजवर. त्या संध्याकाळी तिच्यासमोरून तीन-चारशे माणसं गेली. प्रत्येकाने पाकीट दिलं, हसून फोटो काढला आणि जेवायला गेला. तुमच्या वाट्याला फार तर दहा सेकंद आली. तेव्हा तिच्या पायात गोळे आले होते, डोक्यात पिना टोचत होत्या आणि पोटात सकाळपासून धड काही नव्हतं. आता तुम्ही तिची परीक्षा घेताय. ‘हो’ म्हटलं तर ‘मग सांगा नाव’ असा पुढचा प्रश्न येणार, आणि ‘नाही’ म्हटलं तर नवऱ्याच्या मित्राचा अपमान होणार. याला पर्याय फार सोपा आहे. आपलं नाव आपण सांगायचं, आणि सोबत एक खूण द्यायची. ‘मी अमुक. आम्ही दोघं हॉस्टेलवर तीन वर्षं एका खोलीत होतो.’ हे बोलताना मित्राकडे न बघता तिच्याकडे बघायचं.

आता ‘वहिनी’. या शब्दावर माझा राग नाही. वहिनी म्हणजे भावाची बायको. मित्राच्या बायकोला वहिनी म्हणणं म्हणजे मित्राला भाऊ मानणं, आणि ही आपल्याकडची सुंदर गोष्ट आहे. शिवाय त्या शब्दात एक आश्वासनही असतं. नव्या घरात, अनोळखी पुरुषांच्या घोळक्यात, समोरचा नात्याने हाक मारतोय म्हणजे मर्यादा पाळेल, असा दिलासा त्यातून मिळतो. अनेक जणींना तो हवासाही वाटतो. माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, घाईबद्दल आहे. नाव विचारण्याआधीच नातं चिकटवलं की ती फक्त ‘त्याची कोणीतरी’ उरते. आणि नात्याच्या मागोमाग नात्याची कामंही येतात. नीट लक्ष ठेवा, ‘वहिनी’नंतरचं दुसरं-तिसरं वाक्य बहुतेकदा चहाचं असतं. ‘वहिनी, तुमच्या हातचा चहा पाहिजे हां.’ ती उठून आत जाते, आपण मित्राशी गप्पा मारतो. भेट तिची होती, आणि ती ओट्यापाशी उभी आहे.

मग कोणीतरी म्हणतं, ‘वहिनी, नाव घ्या ना!’ उखाणा मलाही आवडतो, पण यातली गंमत बघा. एकेकाळी बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नसत, म्हणून उखाण्यात गुंफून घेत. ही मुलगी त्याला दिवसभर नावाने हाक मारते. तिला त्याचं नाव घ्यायला लावायला आपण सगळे उत्सुक असतो आणि तिचं नाव मात्र कोणी विचारलेलं नसतं.

पत्रिकेत वाचलं होतं की, असं म्हणाल. पण पत्रिकेतलं नाव आजही तेच असेल असं नाही. आपल्याकडे काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, तरी प्रथा आहे. काहींचं नाव फक्त तांदळावर राहतं, काहींना घरात त्याच नावाने हाक मारतात. तिला कुठलं आवडतं हे तिलाच माहीत. म्हणून पहिल्या भेटीतला सर्वांत उपयोगी प्रश्न एवढाच आहे, ‘तुम्हाला काय म्हणू?’ ती ‘वहिनीच म्हणा’ म्हणाली तर खुशाल म्हणा. नाव सांगितलं तर नावाने हाक मारा. सुरुवात ‘तुम्ही’ने करावी आणि ‘तू’वर जायचं तर दोघांनी जावं. आपण ‘अगं’ म्हणायचं आणि तिने मात्र ‘अहो भाऊजी’ म्हणत राहायचं, ही मैत्री नव्हे.

यानंतर विषय शोधायचा. इथे माणसं खरी घसरतात.

‘मग, कसं वाटतंय सासर?’ हा तर राष्ट्रीय प्रश्न आहे. आतल्या खोलीत सासूबाई आहेत, शेजारी नवरा बसलाय. या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, ‘छान.’ ज्याचं उत्तर एकच असू शकतं तो प्रश्न नसतोच, ती हजेरी असते. ‘माहेरचं आडनाव काय?’ आणि लगेच ‘म्हणजे तुम्ही कुठले?’ यात कोणाला भूगोल कळून घ्यायचा नसतो, जात काढायची असते आणि हे तिलाही कळतं. ‘लव्ह की अरेंज?’, ‘नोकरी चालू ठेवणार ना?’, ‘गुड न्यूज कधी?’ ही त्याच चौकशीची पुढची पानं आहेत. ती नागपूरची निघाली की ‘करून राहिली’ असं तिच्याच बोलीत बोलून दाखवणारा एक विनोदवीर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्यानंतर ती संध्याकाळभर शब्द तोलून, पुस्तकी मराठीत बोलते. म्हणजे कमीच बोलते.

दुसरी खोड जुन्या किश्श्यांची. ‘याने सांगितलं का तुम्हाला, थर्ड इयरला काय केलं होतं?’ असं म्हणत आपण पाऊण तास स्वतःच हसतो. त्यातल्या एकाही माणसाला ती ओळखत नाही. ती प्रेक्षक होऊन बसते, योग्य जागी हसते, आणि एखादा दीडशहाणा जुन्या प्रेमप्रकरणाकडे वळला की तेही हसून सहन करते. किस्सा सांगायचाच तर छोटा सांगावा आणि ज्यात तिला भर घालता येईल असा निवडावा. ‘हा नळ चालू ठेवून झोपायचा. अजून तसंच आहे का?’ यावर तिच्याकडे नक्की ताजा पुरावा असतो.

मग सोपा विषय कुठला? माझी कसोटी अशी. ज्या गोष्टीत ती आपल्यापेक्षा जास्त जाणते, आणि ज्याच्या उत्तरावरून ना तिला गुण मिळणार ना सासरला, तो विषय सोपा. पुण्यातल्या एका मित्राचं उदाहरण देतो. त्याची बायको जळगावची, लग्नाला पाच आठवडे झालेले. आम्ही चौघे गेलो होतो. पहिली वीस मिनिटं वर सांगितलेलं सगळं यथासांग पार पडलं. सासर छान होतं, पुणं छान होतं, सगळे छान होते. प्रत्येक उत्तराआधी ती नवऱ्याकडे बघत होती. मग एक जण तिच्यासमोरच मित्राला म्हणाला, ‘वहिनी फारच शांत आहेत रे!’ समोर बसलेल्या माणसाबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलायला लागलो की समजावं, भेट फसली.

आमच्यातल्या चौथ्याने तोवर काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, ‘जळगावकडचं भरीत इथे कुठे मिळालं का तुम्हाला?’ ती पहिल्यांदा नवऱ्याकडे न बघता म्हणाली, ‘मिळालं ना, पण त्यात दही होतं!’ आणि मग सुरू झाली. भरिताची वांगी ही जांभळी नाहीत, लांब हिरवी लागतात. ती कपाशीच्या काड्यांवर भाजली की जो वास येतो तो गॅसवर येत नाही. सोबत कळण्याची भाकरी हवी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. आमच्यातला एक सातारचा. तो म्हणाला, भाकरी ती भाकरी, उडीद कशाला? तिने त्याला गप्प केलं. नंतर तिनेच त्याला विचारलं, ‘तुमच्याकडे हिवाळ्यात शेतावर पार्टी करत नाहीत का?’ तिथून शेत, तिचा काका, थंडीतली पहाट, जळगावचं ऊन असं काय काय निघालं. मित्राने मध्येच ‘तिखट फार असतं पण’ अशी पुस्ती जोडली, तेव्हा तिने त्यालाही खोडून काढलं.

आता कोणी म्हणेल, बाईला स्वयंपाकाचंच विचारलं ना शेवटी? नाही. ‘भरीत करता येतं का?’ ही परीक्षा झाली. ‘कुठे मिळालं का?’ हा खाणाऱ्या माणसाला विचारलेला प्रश्न आहे. तिला वांग्यात रस नसता तर त्याने तो धागा सोडला असता. रोजचा बसचा रस्ता, माहेरच्या गल्लीतली लग्नाची वरात, ती सध्या बघत असलेली सीरिज, काहीही चाललं असतं. जमतंय की नाही हे दोन खुणांवरून कळतं. ती आपल्याला उलट प्रश्न विचारते, आणि नवऱ्याचं म्हणणं आपल्यासमोर खोडते. तोवर गप्पा सुरू झालेल्या नसतात, मुलाखत चालू असते.

मैत्रिणीच्या नवऱ्याचंही हेच. आपण त्याला हिंदीतून उसना आणलेला ‘जीजू’ चिकटवतो, ‘आमच्या मैत्रिणीला त्रास दिलास तर बघ’ अशी शिळी धमकी देतो, आणि मग ‘कुठे असता?’ म्हणत पगाराचा अंदाज घेतो. तो बिचारा मोबाइल काढून बसतो आणि आपण म्हणतो, जीजू जरा खडूस आहेत.

हे सगळं एवढं मनावर का घ्यायचं? कारण त्या खोलीत त्याची माणसं चार आहेत आणि तिचं एकही नाही. नव्या शहरात तिच्या ओळखीच्या पहिल्या माणसांत आपण आहोत. दोन वर्षांनी आपणच कट्ट्यावर बसून म्हणतो, ‘लग्न झाल्यापासून बदलला रे तो, बायको सोडत नसेल.’ मला हे वाक्य भयंकर खोटं वाटतं. ज्या घरात आपण एका माणसाशीच बोललो, त्या घरात दुसऱ्या माणसाने आपली वाट का बघावी? आपण गेलो की तिच्या वाट्याला पाच कप आणि तिला न कळणारे किस्से येतात. ती ‘या रविवारी नको’ म्हणाली तर त्यात तिचा काय दोष? त्या चौथ्या मित्राला मात्र ती आता स्वतः फोन करते. जळगावहून कोणी यायचं असलं की विचारते, वांगी किती मागवू?