शंभराचा नफा, पंधराचा तोटा

आमच्या रायपुरात पंडरीच्या कापडबाजारातून ३०० रुपयांची कुर्ती आणायची आणि ग्रुपवर ४०० ला टाकायची, वर ‘डिलिव्हरी फ्री’! शेजारच्या वहिनींना यात सरळ शंभर सुटताना दिसतात. पण दहा पाठवल्या की कुरिअरचे ६०० जातात. दोन परत आल्या की आणखी १२०, आणि त्या २०० ला काढल्या तर वर २०० ची खोट. हे ९२० विकल्या गेलेल्या आठांनीच फेडायचे, म्हणजे नगामागे ११५. खरी खरेदी ४१५ ची! ‘पुढच्या पगाराला देते हं’ म्हणणाऱ्या मावशी वेगळ्याच. पंडरीचा व्यापारी मात्र रोख मागतो. पाचशेच्या खाली विकूच नये, आणि उधारीला पाचशेचाळीस. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू दे.