भाडे किती, यापेक्षा कधीपर्यंत?

पुण्यातल्या धायरीतील तीस-पस्तीस वर्षांच्या इमारती आता पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या राहू लागल्या आहेत. अशा इमारतीतला रहिवासी विकासकाला पत्र लिहितो, तेव्हा त्यात तीन गोष्टी असतात: महिन्याचे भाडे किती, सामान हलवण्याचा खर्च किती आणि नवे घर कधी. बहुतेक पत्रांत पहिल्या दोन प्रश्नांवर घासाघीस होते आणि तिसऱ्याला ‘साधारण चोवीस महिने’ एवढे उत्तर चालून जाते. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. घर कधी मिळणार हे विकासकाला पैशांत बांधून घेतल्याखेरीज भाड्याचा आकडा कितीही मोठा असला तरी तो पोकळ आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा वीस सदनिकांची इमारत आहे आणि भाडे ठरले महिना 18 हजार रुपये. पुण्यात भाडेकरार अकरा महिन्यांचा होतो आणि नूतनीकरणाला घरमालक दहा टक्के वाढ मागतो. म्हणजे दुसऱ्या करारात भाडे 19,800 आणि तिसऱ्यात 21,780 होते. घरमालकाने नूतनीकरण नाकारले तर पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो, पुन्हा अनामत. विकासकाने मात्र सामान हलवण्याचे पैसे एकदाच दिलेले असतात, फार तर परत येण्याचे धरून दोनदा. आता काम चोवीसऐवजी तेहतीस महिने चालले आणि भाडे चोविसाव्या महिन्यात थांबले, तर एका घरावर नऊ महिन्यांचे 1 लाख 96 हजार रुपये पडतात. वीस घरांचे 39 लाख. आगाऊ दिलेले पुढच्या तारखांचे धनादेश इथे कामाचे नाहीत. ते मुळात चोवीसच असतात आणि खात्यात पैसे नसतील तर हातात फक्त खटला उरतो.

हे काल्पनिक भय नव्हे. गोरेगावच्या पत्रा चाळीत 672 कुटुंबांच्या पुनर्वसनाचा त्रिपक्षीय करार 2008 मध्ये झाला. घरे रिकामी झाली, पुढे भाडे बंद पडले आणि काम रखडले. 2018 मध्ये म्हाडाने विकासकाला दूर केले, तेव्हा दहा वर्षे उलटली होती. म्हाडासारखी सरकारी यंत्रणा करारात असूनही हे घडले. धायरीतल्या वीस घरांच्या मागे तर कोणीच उभे नसते.

सहकारी संस्थांसाठी राज्य सरकारचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे. काम दोन वर्षांत, अपवाद म्हणून तीन वर्षांत पुरे करावे आणि विकासकाने प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के बँक हमी द्यावी, असे त्यात आहे. पण न्यायालयांनी अशा निर्देशांकडे अनेकदा मार्गदर्शक म्हणूनच पाहिले आहे, आणि पुण्यात भरपूर असलेल्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींना तो थेट लागूही होत नाही. म्हणून जे हवे ते नोंदणीकृत विकसन करारातच यावे लागते. एकट्या रहिवाशाने पाठवलेल्या पत्राला आलेले गोड उत्तर करार ठरत नाही. मसुदा सर्वसाधारण सभेपुढे येण्याआधी ते पत्र कार्यकारिणीमार्फत जावे आणि उत्तर कराराला परिशिष्ट म्हणून जोडले जावे. मागणी एका वाक्यात मावते: भोगवटापत्रासह ताबा मिळेपर्यंत, कारण काहीही असो, दर अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढीने भाडे आणि घर बदलावे लागले तर दर वेळी स्थलांतर खर्च व दलाली. तिच्या मागे किमान बारा महिन्यांच्या भाड्याची बँक हमी हवी. वरच्या उदाहरणात, तिसऱ्या कराराच्या भाड्याने, ती सुमारे 52 लाखांची होते.

विकासक म्हणेल, परवानगी रखडली तर दोष आमचा नाही. खरे आहे, पण रहिवाशाचा तरी कुठे आहे? परवानगीची जोखीम कमी करण्याचा सरळ उपाय म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हाती येईपर्यंत घर रिकामे न करणे. धायरीत हे जास्तच महत्त्वाचे. गाव 2017 मध्ये महापालिकेत पूर्णपणे आले आणि त्याआधीच्या अनेक इमारतींची कागदपत्रे ग्रामपंचायतीच्या काळातली आहेत. मंजूर नकाशा, जागेची मालकी, रस्त्याची रुंदी यांतल्या अडचणी रहिवासी बाहेर पडण्याआधी निघाल्या तर त्यांची किंमत कोणाला भाड्यात मोजावी लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लहान भूखंड, बेताचा विक्रीदर, इतक्या अटी घातल्या तर विकासक येणारच नाही. हमीला खर्च येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो खर्च कुठून तरी निघावा लागेल, आणि त्यासाठी रहिवाशांनी जादा चटईक्षेत्राच्या मागणीतला काही भाग सोडावा असे आमचे मत आहे. शेजारच्या सोसायटीला वीस टक्के जादा मिळाले म्हणून आपल्याला पंचवीस हवेत, या चढाओढीतच ज्याला काम पेलणार नाही असा विकासक निवडला जातो. एवढे देऊनही तो हमी नाकारत असेल, तर घराच्या किल्ल्या आपल्याकडे असतानाच ते कळलेले बरे.