चौकांतील दिव्यासाठीं एक अर्ज

आमच्या शाळेंतील सायंकाळचा अभ्यासवर्ग सुटला म्हणजे वस्तीकडील मुलीमुलांस एक तिठा ओलांडून जावें लागतें. तेथें दिवा नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एक मुलगा सायकलीसह फरशीवरून ओढ्यांत पडला व त्याचा हात मोडला. तेव्हां दहावीच्या मुलांनीं ग्रामपंचायतीस अर्ज लिहिण्याचें मनावर घेतलें व मसुदा आमच्याकडे आणला. त्यांत काळोखाचें वर्णन मोठें हृदयद्रावक होतें, परंतु जागेविषयीं एवढेंच होतें कीं, “वस्तीजवळील तिठ्यावर दिवा लावावा.” आतां आमच्या गांवांत वस्तीजवळ तिठे तीन आहेत!

कित्येक पालकांचें म्हणणें असें पडलें कीं, सह्या पुष्कळ घ्याव्या म्हणजे काम होईल. सह्या अवश्य घ्याव्या. पण आमचें मत निराळें आहे. अर्ज सरपंचांच्या हातीं पडतो खरा, तथापि तो शेवटीं शिडी घेऊन खांबावर चढणाऱ्या तारवाल्यापर्यंत पोंचावयाचा असतो, आणि त्या गृहस्थास आमच्या दुःखापेक्षां खांब कोणता हें कळणें अधिक जरूर आहे. शिवाय गांवांत दिवाबत्ती करणें हें १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचींतच घातलेलें आहे. मग काकुळतीस कां यावें?

म्हणून आम्ही मुलांस घेऊन तिठ्यावर गेलों. भ्रमणध्वनीवरील नकाशांत त्या जागेचे अक्षांश-रेखांश पाहिले. ते एका मुलानें दशांशांत, १९.१४२३६ असे लिहिले. दुसऱ्याच्या यंत्रांत तेच १९ अंश ८ कला ३२.५ विकला असे दिसत होते, आणि त्यानें ते सरळ १९.८३२५ असे उतरून घेतले. एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला होतात हें तो विसरला. अक्षांशाचा एक अंश सुमारें १११ किलोमीटरांचा; तेव्हां त्याच्या आंकड्याप्रमाणें आमचा दिवा ७५ किलोमीटरांहून अधिक उत्तरेस लागला असता. मुलें पोट धरधरून हंसलीं, पण धडा पक्का झाला.

दशांशाचा पांचवा आंकडा सुमारें एक मीटर दाखवितो हें खरें. तरी हातांतील यंत्र उघड्यावर देखील पांच-दहा मीटर चुकतें, आणि झाडाखालीं त्याहून अधिक. तिठ्यावर दहा मीटर म्हणजे रस्त्याची दुसरी बाजूच होय. ही उणीव खुणांनीं भरून काढावी लागते. मुलांनीं प्रथम चहाची टपरी व शुभेच्छांचा फलक या खुणा सुचविल्या. दोन्ही उद्यां नाहींशा होतील, म्हणून त्या खोडल्या. शेवटीं जागेचा मजकूर ठरला तो असा:

“वस्तीकडील रस्ता जेथें ओढ्याच्या रस्त्यास मिळतो तो तिठा: अक्षांश १९.१४२३६ उत्तर, रेखांश ७४.८१५७२ पूर्व. पिठाच्या गिरणीच्या दारापासून पूर्वेस ४० पावलें. ओढ्याच्या फरशीच्या अलीकडे १५ पावलें. रस्त्याच्या दक्षिण बाजूस, पिंपळाच्या पारासमोर, विजेचा लोखंडी खांब उभा आहे; त्यावर दिवा नाहीं. गांवाकडून येतांना शेवटचा जळणारा दिवा याच्या मागील दुसऱ्या खांबावर आहे. पिंपळाची एक फांदी खांबाकडे आलेली आहे.”

यांतील शेवटचीं दोन वाक्यें आम्हीं मुद्दाम घालविलीं. रस्त्यावरील दिव्यांसाठीं खांबांवरून बहुधा एक निराळी तार नेलेली असते. ती तिठ्यापर्यंत आली असेल तर नुसता दिवा व त्याचा आंकडा बसविला कीं भागतें. नसेल तर तार पुढें ओढावी लागते आणि खर्च वाढतो. जळता दिवा कोठें संपतो हें सांगितलें म्हणजे पाहणाऱ्यास तेवढ्यावरून अंदाज येतो. फांदीचें न सांगावें तर दिवा लागूनही उजेड पानांतच अडकावयाचा. खांबावर क्रमांक रंगविलेला असल्यास तोही लिहावा. मात्र तो जमिनीवरूनच वाचावा, खांबास हात लावूं नये, हें आम्हीं मुलांस निक्षून सांगितलें.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक कचेरींत दिली व दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. पोच नसलेला अर्ज पुढें कोणत्या दिवशीं दिला हेंच सिद्ध होत नाहीं, मग त्याची विचारपूस ती काय करणार! रस्ता ग्रामपंचायतीचा कीं जिल्हा परिषदेचा, असा प्रश्न सचिवांनीं विचारला. तो आम्हांस सुचला नव्हता. पुढील अर्जांत तोही लिहूं.

हा अंक छापावयास जाईपर्यंत दिवा लागलेला नाहीं. परंतु गेल्या सोमवारीं तारवाला येऊन नेमक्या त्याच खांबाखालीं उभा राहिला, कोणास कांहीं न विचारतां, आणि तार दोन गाळे पुढें ओढावी लागेल असें सांगून गेला.